एका चौकोनातली आंबोली

आंबोलीतला मार्च महिना तीस वर्षांपूर्वीपेक्षा गरम झाला आहे का? गावात विचारलं तर कुणी हो म्हणेल, कुणी म्हणेल की जंगल होतं तोवर थंडावा होता, आणि कुणाला नेमकं एकच कडक उन्हाचं वर्ष आठवेल. आठवणीवर महिन्याची सरासरी काढता येत नाही. त्याला सलग नोंद लागते. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत हवेचं तापमान रोज टिपणारी वेधशाळा नाही, आणि जिथे आहे तिथेही तीस-चाळीस वर्षांची अखंड नोंद सामान्य माणसाच्या हाती सहजी लागत नाही. तरीही जगातल्या प्रत्येक गावासाठी दर महिन्याचा तापमानाचा आकडा आज मोफत मिळतो, कारण हवामानशास्त्रज्ञांनी पृथ्वीवर एक काल्पनिक जाळी टाकून तिच्या प्रत्येक घरासाठी आकडे काढून ठेवले आहेत. हे आकडे ज्या फाइलमध्ये असतात तिचा प्रकार नेटसीडीएफ. शाळेतला विज्ञानाचा शिक्षक, कृषी सहायक किंवा आपल्या गावाबद्दल कुतूहल असलेला कुणीही ती उघडू शकतो. उघडणं सोपं आहे. हाती आलेला आकडा नक्की कशाचा, हे ओळखण्यात मात्र पुष्कळ जण फसतात, आणि आंबोलीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावाच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही.

नेटसीडीएफ हा प्रकार अमेरिकेत बोल्डर इथल्या युनिडेटा या संस्थेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस तयार झाला. त्याची रचना डोळ्यांसमोर आणायची तर गणिताच्या चौकटीच्या वहीचा विचार करावा. वहीचं प्रत्येक पान म्हणजे एक महिना, पानावरच्या आडव्या ओळी म्हणजे अक्षांश, उभे रकाने म्हणजे रेखांश, आणि प्रत्येक चौकटीत तापमानाचा एक आकडा. आपल्याला एका गावाची मालिका हवी असते तेव्हा प्रत्येक पानावरची तीच एक चौकट वाचत शेवटच्या पानापर्यंत जायचं असतं. या वहीला एक मुखपृष्ठही असतं. कोणत्या ओळीचा अक्षांश कोणता, आकडे कोणत्या एककात आहेत, कालगणना कुठून सुरू होते, माहिती नसलेली चौकट कशी दाखवली आहे, हे सगळं त्या मुखपृष्ठावर लिहिलेलं असतं. पुढे ज्या चुका सांगणार आहे, त्यातल्या बहुतेक हे मुखपृष्ठ न वाचल्यामुळे होतात.

आंबोलीसाठी मी ईआरए-५ हा संच घेतला आहे. युरोपातलं मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचं केंद्र तो तयार करतं आणि कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून तो मोफत मिळतो. यात १९४० पासूनचे आकडे आहेत. जमिनीवरच्या वेधशाळा, जहाजं, फुगे, विमानं आणि उपग्रह यांच्या जुन्या नोंदी आजच्या हवामान-प्रारूपात पुन्हा घालून, त्या त्या तासाला वातावरण कसं असावं याचं हे फेरविश्लेषण असतं. म्हणजे आंबोलीच्या चौकटीतला आकडा आंबोलीत कुणी तापमापक वाचून लिहिलेला नाही. आजूबाजूच्या सगळ्या उपलब्ध नोंदींशी जुळवून घेत प्रारूपाने तो काढलेला आहे. ही गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की असली म्हणजे पुढच्या अपेक्षा माफक राहतात.

सगळ्या पृथ्वीची फाइल उतरवण्याची गरज नाही. ईआरए-५च्या जाळीत ७२१ अक्षांश आणि १४४० रेखांश आहेत, म्हणजे एका महिन्याच्या पानावर दहा लाखांहून जास्त चौकटी. १९९१ ते २०२४ या ३४ वर्षांचे ४०८ महिने घेतले तर ४२ कोटींवर आकडे होतात. आपल्याला त्यातले ४०८ हवेत. म्हणून संकेतस्थळावर `reanalysis-era5-single-levels-monthly-means` हा संच निवडायचा, त्यात जमिनीपासून दोन मीटर उंचीवरचं तापमान मागायचं आणि क्षेत्र छोटं करायचं. तिथे क्षेत्राच्या चार बाजू उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व या क्रमाने द्याव्या लागतात. आंबोली साधारण १५.९६ उत्तर अक्षांश आणि ७४.०० पूर्व रेखांशावर आहे, म्हणून १६.५, ७३.५, १५.५, ७४.५ असा चौकोन पुरतो. जाळीचे बिंदू पाव-पाव अंशावर असल्यामुळे या तुकड्यात पाच ओळी आणि पाच रकाने येतात. गावाभोवतीचे शेजारी मुद्दाम घ्यावेत, कारण खरी पारख त्यांच्यामुळेच करता येते.

फाइल हाती आली की लगेच आकड्यांकडे जाऊ नये. आधी मुखपृष्ठ वाचावं. त्यासाठी `ncdump -h` ही आज्ञा आहे. प्रोग्राम लिहायचा नसेल तर नासाने दिलेलं पॅनोप्ली हे मोफत सॉफ्टवेअर तेच काम खिडकीत दाखवतं. आपल्या फाइलचं मुखपृष्ठ, अनावश्यक ओळी गाळून, असं दिसतं:

```
dimensions:
    valid_time = 408 ;
    latitude = 5 ;
    longitude = 5 ;
variables:
    float t2m(valid_time, latitude, longitude) ;
        t2m:units = "K" ;
    int64 valid_time(valid_time) ;
        valid_time:units = "seconds since 1970-01-01" ;
```

या थोड्या ओळींत तीन गोष्टी कळतात. तापमानाचं नाव `t2m` आहे आणि ते केल्विनमध्ये आहे, तेव्हा सेल्सिअससाठी २७३.१५ वजा करावे लागतील. आकडे आधी काळ, मग अक्षांश, मग रेखांश या क्रमाने रचले आहेत. आणि काळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजला आहे. पहिल्या महिन्यासमोर ६६२६८८००० हा आकडा असतो. त्याला दिवसाच्या ८६४०० सेकंदांनी भागलं की ७६७० दिवस येतात. १९७० ते १९९० ही २१ वर्षं, त्यात पाच लीप वर्षं, म्हणजे २१ गुणिले ३६५ अधिक ५, बरोबर ७६७०. तारीख १ जानेवारी १९९१ निघते. हा हिशेब संगणक आपोआप करतो, पण एकदा हाताने करून पाहिला की फाइलवर विश्वास बसतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. प्रत्येक महिन्यासमोर १ तारीख दिसते, म्हणून तो १ तारखेचा आकडा आहे असं वाटतं. तसं नाही. तो संपूर्ण महिन्याच्या सगळ्या दिवसांच्या, चोवीसही तासांच्या तापमानाची सरासरी आहे. १ तारीख ही त्या पानावरची नुसती खूण. आपल्याकडे दैनंदिन सरासरी बहुधा कमाल आणि किमान तापमानाची बेरीज करून दोनाने भागून काढतात. दुपारचा कडाका थोडा वेळ टिकतो, रात्रीचा गारवा बराच वेळ राहतो, त्यामुळे चोवीस तासांची सरासरी आणि ही दोन आकड्यांची सरासरी एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. वर्तमानपत्रातून जमवलेले आकडे या मालिकेशेजारी ठेवणाऱ्याने हा फरक आधी लक्षात घ्यावा.

आता गावाची चौकट काढायची. पायथॉन भाषेत, `xarray` या पॅकेजने, एवढं पुरतं:

```python
import xarray as xr

ds = xr.open_dataset("amboli_era5.nc")
p = ds["t2m"].sel(latitude=15.96, longitude=74.00,
                  method="nearest", tolerance=0.13)
print(p.latitude.item(), p.longitude.item())
s = p - 273.15
s.to_series().to_csv("amboli.csv")
```

यातली `print`ची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आंबोलीसाठी ती १६.० आणि ७४.० दाखवते. आंबोली या बिंदूच्या दक्षिणेला जेमतेम साडेचार किलोमीटरवर आहे, म्हणजे नशीब चांगलं आहे. पण समजा अक्षांश आणि रेखांश चुकून उलटे टाकले. `nearest` म्हणजे "जवळात जवळचा बिंदू दे", आणि ही आज्ञा कधीच नाही म्हणत नाही. ती मुकाट्याने आपल्या चौकोनाचा कोपरा, १६.५ आणि ७३.५, उचलून देईल. आकडे तापमानासारखेच दिसतील, आलेख सुरेख निघेल, आणि तो दुसऱ्याच जागेचा असेल. म्हणून वर `tolerance` घातलं आहे. पाव अंशाच्या जाळीत कोणतंही गाव जवळच्या अक्षांशापासून किंवा रेखांशापासून ०.१२५ अंशाहून दूर असूच शकत नाही. त्याहून लांब जावं लागलं तर प्रोग्राम थांबून चूक दाखवतो.

दुसरा खड्डा ओळींच्या क्रमाचा. ईआरए-५मध्ये पहिली ओळ उत्तर ध्रुवाची असते आणि तिथून आपण दक्षिणेकडे उतरतो. इतर काही संचांत पहिली ओळ दक्षिणेकडची असते. वरच्यासारखं अक्षांशाचं नाव सांगून विचारलं तर प्रश्न येत नाही. पण कुणी हाताने ओळ क्रमांक काढत असेल तर मोठी गफलत होऊ शकते. पूर्ण जगाच्या फाइलमध्ये आंबोलीची ओळ ९० वजा १५.९६ भागिले ०.२५, म्हणजे शून्यापासून मोजत २९६वी येते. पहिली ओळ दक्षिण ध्रुवाची समजून हिशेब केला तर ४२४वी ओळ हाती लागते, आणि तो अक्षांश असतो १६ दक्षिण. म्हणजे दिएगो गार्सियाच्याही दक्षिणेला, भर हिंदी महासागरात. हे ओळखायचं कसं? मालिकेचा वर्षभराचा आकार पाहून. तिथे फेब्रुवारी-मार्च सर्वात उबदार आणि ऑगस्टच्या आसपास सर्वात थंड असतो, आणि समुद्रामुळे वर्षभराचा चढउतार अगदी थोडा असतो. आपल्या गावाचा मे महिना थंड दिसू लागला तर तापमान बदललं नाही, ओळ चुकली आहे.

रेखांशाचा गोंधळ भारतात जाणवत नाही, परदेशातल्या मराठी माणसाला मात्र जाणवेल. ईआरए-५च्या पूर्ण जाळीत रेखांश ० ते ३६० असे पूर्वेकडे मोजलेले आहेत. आंबोली ७४ पूर्व, तर न्यू जर्सीतलं एडिसन सुमारे ७४.४ पश्चिम. त्या फाइलमध्ये एडिसनसाठी वजा ७४.४ नव्हे, २८५.६ मागावे लागतात. वजा चिन्ह विसरून ७४.४ मागितले तर मध्य आशियातल्या कुठल्या तरी डोंगराळ मुलखाचं तापमान मिळेल.

आकडे हाती आले की ते एकदा शांतपणे वाचावेत. २९८ सारखे दिसले तर केल्विनमधून वजाबाकी राहिली. मधेच दहाचा छत्तिसावा घात असलेला अवाढव्य आकडा आला तर ती रिकाम्या चौकटीची खूण आहे, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने तिला आकडा समजून घेतलं आहे. ईआरए-५च्या जुन्या फाइलींत जागा वाचवण्यासाठी तापमान छोट्या पूर्णांकांत दाबून ठेवलेलं असे आणि मुखपृष्ठावर `scale_factor` व `add_offset` असे दोन आकडे असत. पूर्णांकाला पहिल्याने गुणायचं आणि दुसरा मिळवायचा, की केल्विन मिळतात. `xarray` हे स्वतः करतं. पण दोन वेळा उतरवलेल्या दोन फाइलींत हे आकडे वेगवेगळे असू शकतात, आणि त्या कच्च्या पूर्णांकांसकट जोडल्या तर जोडाच्या जागी तापमान एकदम उडी घेतं. कोणत्याही मालिकेत जानेवारीच्या सुरुवातीला अशी पायरी दिसली तर हवामानबदलाचा निष्कर्ष काढण्याआधी फाइलींचा जोड तपासावा.

आंबोलीच्या मालिकेचा आकार कसा असायला हवा, हे घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. एप्रिल-मेमध्ये उच्चांक, जूनमध्ये पाऊस येताच मोठी घसरण, जुलै-ऑगस्टमध्ये दिवसरात्र ढगात राहिल्यामुळे गारवा, ऑक्टोबरकडे पुन्हा थोडी चढण आणि मग हिवाळ्याची दुसरी घसरण. महाबळेश्वरला जुलै-ऑगस्टची सरासरी जानेवारीच्या सरासरीच्या अगदी जवळ येते, इतका हा पावसाळी गारवा खरा असतो. वर्षाला दोन खळगे दाखवणारी मालिका सह्याद्रीची असण्याची शक्यता मोठी. एकच उंचवटा आणि एकच खळगा दिसला तर आपण कुठे आहोत ते पुन्हा पाहावं.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. १६.० आणि ७४.० या बिंदूचा आकडा नक्की कशाचा आहे? तो एका चौकोनाचा आहे. त्या चौकोनाची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे २७ किलोमीटर. आपण १६ अक्षांशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलो तर जाळीचा पहिला बिंदू ७३.५ वर येतो, मालवणच्या थोडा दक्षिणेला, किनाऱ्यालगत. त्याच्या चौकोनाचा मोठा भाग समुद्र आहे. पुढचा ७३.७५ वर, कुडाळच्या शेजारी, तळकोकणात. मग ७४.०, आंबोलीजवळ. आणि मग ७४.२५, आजऱ्याकडचं पठार. आंबोलीचा चौकोन ७३.८७५ पासून ७४.१२५ पर्यंत पसरलेला आहे. म्हणजे त्यात घाटाच्या पायथ्याचा कोकणातला पट्टा आहे, घाटाची उभी भिंत आहे आणि वरचं पठारही आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. पण प्रारूपाला ती भिंत दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने पूर्ण चौकोनाला एकच उंची आहे, आणि सह्याद्री हा कडा नसून किनाऱ्यापासून पठारापर्यंत हळूहळू चढत जाणारा उतार आहे.

ही उंची किती धरली आहे ते विचारता येतं. त्याच संचातून `geopotential` मागितलं की `z` हे नाव असलेले आकडे येतात. त्यांना ९.८०६६५ ने भागलं की प्रारूपाची जमीन किती मीटरवर आहे ते कळतं. समजा आंबोलीच्या चौकोनासाठी ४०० मीटर आले. गाव त्याहून २९० मीटर उंच. हवेचं तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटतं असं धरलं, तर २९० मीटरला सुमारे १.९ अंश होतात. म्हणजे चौकोनाचा आकडा गावापेक्षा जवळजवळ दोन अंशांनी उबदार असणार, आणि तेवढे वजा करून गावाचा अंदाज मिळतो.

ही दुरुस्ती करावी, पण तिच्यावर फार भार टाकू नये. साडेसहा अंश हा सरासरी दर आहे. पावसाळ्यात हवा बाष्पाने भरलेली असते तेव्हा तापमान उंचीबरोबर सावकाश घटतं. उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी ते भराभर घटतं. आणि हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा उतारावरून घरंगळून खोलगट भागात साचते, तेव्हा खालची वाडी वरच्या माथ्यापेक्षा गार असते. बाराही महिन्यांना एकच दुरुस्ती लावली की हे सगळं पुसलं जातं. महिन्यागणिक वेगळी दुरुस्ती हवी असेल तर गावात तापमापक लावून निदान दोन-तीन वर्षं नोंदी ठेवणं हाच मार्ग आहे. तापमापक सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर हवा. पत्र्याखाली टांगलेला चालत नाही.

काही जण म्हणतात, जवळचा एकच बिंदू घेण्याऐवजी भोवतालच्या बिंदूंची प्रमाणशीर सरासरी घ्यावी. `xarray`मध्ये `interp` लिहिलं की ते होतं. आंबोली ७४.० रेखांशावरच असल्यामुळे इथे १६.० च्या बिंदूला ८४ टक्के आणि १५.७५ च्या बिंदूला १६ टक्के वजन मिळेल. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या सपाट मुलखात याने आकडा थोडा गुळगुळीत होतो आणि बिघडत काही नाही. घाटात मात्र मला ते पटत नाही. मधल्या जागेत कडा आहे हे त्या गणिताला माहीत नसतं, आणि किनाऱ्याच्या गावांत तर समुद्राचं तापमान जमिनीत मिसळतं. मालवणसारख्या गावासाठी आधी भूमी आणि समुद्र यांचं प्रमाण सांगणारी `lsm` ही माहिती पाहावी. ते प्रमाण कमी असेल तर एक रकाना पूर्वेकडे सरकून कुडाळकडचा बिंदूही शेजारी मांडावा. किनाऱ्याच्या चौकोनात उन्हाळा आणि हिवाळा यांतलं अंतर कमी दिसलं तर ते समुद्रामुळे.

मग या आकड्याचा गावाला उपयोग काय? उंचीची चूक दर महिन्यात जवळपास तेवढीच राहते. १९९५च्या मार्चमध्ये आकडा दोन अंश जास्त असेल तर २०२३च्या मार्चमध्येही साधारण तेवढाच जास्त असणार. म्हणून "आंबोलीत मार्चला किती अंश असतात" या प्रश्नाचं उत्तर या मालिकेतून कच्चं मिळतं, पण "यंदाचा मार्च नेहमीच्या मार्चपेक्षा किती गरम" याचं उत्तर बरंच भरवशाचं मिळतं. त्यासाठी १९९१ ते २०२० या तीस वर्षांतल्या प्रत्येक महिन्याची सरासरी काढून ती त्या त्या महिन्यातून वजा करायची. हीच तीस वर्षं सध्या जागतिक हवामान संघटनेची प्रमाण मुदत आहे.

```python
base = (s.sel(valid_time=slice("1991", "2020"))
         .groupby("valid_time.month").mean())
anom = s.groupby("valid_time.month") - base
march = anom.where(anom["valid_time.month"] == 3, drop=True)
```

शेवटच्या ओळीत ३४ आकडे उरतात, एका मार्चचा एक. त्यातले काही शून्याच्या वर, काही खाली. या फरकांवर भरवसा ठेवायला आणखी एक कारण आहे. जेम्स हॅन्सन आणि सर्गेई लेबेडेफ यांनी १९८७ मध्ये दाखवलं की एखादं वर्ष नेहमीपेक्षा गरम की थंड, ही गोष्ट शेकडो किलोमीटरपर्यंत एकत्र चालते. कुडाळ आणि आजरा यांचं तापमान वेगळं असतं, पण एका ठिकाणचा मार्च नेहमीपेक्षा गरम असेल तर बहुधा दुसरीकडचाही असतो. उष्ण कटिबंधात हे नातं उत्तरेकडच्या देशांइतकं घट्ट नसतं, पण वीस-पंचवीस किलोमीटरसाठी पुरेसं असतं. म्हणूनच शेजारचे बिंदू मुद्दाम उतरवायचे. पंचवीसही बिंदूंचे मार्चचे फरक एकाच आलेखावर काढावेत. रेषा जवळजवळ चालल्या तर आंबोलीचा फरक तिच्या चौकोनाच्या उंचीवर अवलंबून नाही. आंबोलीची रेषा एकटीच वेगळी पळाली तर काहीतरी तपासायचं राहिलं आहे. भारतीय हवामान खात्याच्या नोंदीत २०२४ हे देशातलं १९०१ पासूनचं सर्वात उष्ण वर्ष आहे. आपल्या मालिकेत ते थंड वर्षांत जाऊन बसलं तरी शंका घ्यावी.

एकाच संचावर विसंबू नये असं वाटणाऱ्याने इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या सीआरयू या संचाकडे वळावं. त्यात १९०१ पासूनचे महिने आहेत, आणि तो प्रारूपातून न येता जमिनीवरच्या वेधशाळांच्या नोंदींवरून काढलेला आहे. तापमान सेल्सिअसमध्येच असतं आणि काळ १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांत. पहिला आकडा ३८० म्हणजे १६ जानेवारी १९०१. इथे महिन्याची खूण महिन्याच्या मध्यावर असते. त्यामुळे दोन संचांच्या तारखा थेट जुळवल्या तर एकही महिना जुळत नाही. दोन्हीकडे वर्ष आणि महिना एवढंच ठेवून जुळवावं लागतं.

सीआरयूच्या जाळीत आंबोलीची वेगळीच अडचण होते. तिथला चौकोन अर्ध्या अंशाचा, आणि दोन चौकोनांमधली रेषा नेमकी ७४.० रेखांशावर आहे. गावाचा रेखांश ७३.९९८ टाकला तर सावंतवाडी, वेंगुर्ले आणि उत्तर गोवा असलेला चौकोन मिळतो. ७४.००२ टाकला तर चंदगडचा पठारी चौकोन मिळतो. नकाशात बोट इकडून तिकडे सरकलं की गाव कोकणातून देशावर जातं. अशा वेळी एक निवडून दुसरा विसरू नये. दोन्ही मालिका काढाव्यात. त्यांच्या पातळीत अंतर असेलच, पण मार्चचे फरक मात्र शेजारी शेजारी चालायला हवेत.

या फाइलमध्ये `stn` नावाची आणखी एक माहिती असते, आणि फार थोडे लोक ती उघडतात. प्रत्येक महिन्याच्या प्रत्येक चौकटीला किती वेधशाळांचा आधार होता, ते ती सांगते. तापमानासाठी जास्तीत जास्त आठ वेधशाळा धरल्या जातात, आणि त्या १२०० किलोमीटरपर्यंतच्या असू शकतात. हा आकडा शून्य असेल तर त्या महिन्यासाठी कुठलीच नोंद नव्हती आणि त्या जागी १९६१ ते १९९० ची सरासरी भरली आहे. आठ असेल तरी त्या आठ वेधशाळा किती लांबच्या आहेत ते यावरून कळत नाही. शंभर वर्षांचा कल काढण्याआधी आंबोलीच्या दोन्ही चौकोनांची `stn`ची मालिका तापमानाखाली काढून पाहावी, आणि आधार बदलला त्याच सुमारास तापमानानेही वळण घेतलं आहे का ते तपासावं.

ईआरए-५मध्येही शेवटचे दोन-तीन महिने तात्पुरते असतात. फाइलमधल्या `expver` या खुणेत `0005` दिसलं की ते आकडे अजून पक्के व्हायचे आहेत, `0001` म्हणजे पक्के. म्हणून `amboli.csv` जपून ठेवताना तिच्या वर गावाचे अक्षांश-रेखांश, प्रत्यक्ष घेतलेला बिंदू, चौकोनाची उंची, गावाची उंची, दुरुस्ती केली की नाही, संचाचं नाव, एकक आणि फाइल उतरवल्याची तारीख लिहावी. पुढच्या वर्षी शाळेतली दुसरी तुकडी हीच मालिका पुढे नेईल, तेव्हा तिला १६.० आणि ७४.० हे आकडे कुठून आले ते विचारत बसावं लागणार नाही.